थायरॉइडची गोळी चालू आहे, क्रिएटिन घेऊ का?

सात रस्त्याजवळच्या आमच्या दुकानात हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट थायरॉइडच्या गोळीचं काम अडवतं, असं आजवर दिसलेलं नाही. मात्र दोन्ही एकत्र घेणाऱ्यांवर मोठे अभ्यास झालेले आमच्या पाहण्यात नाहीत. गोंधळ होतो तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये.

शरीरात क्रिएटिनपासून क्रिएटिनिन तयार होतं आणि किडनीचं काम लॅबवाले याच क्रिएटिनिनवरून जोखतात. क्रिएटिनची पावडर चालू असली की किडनी ठणठणीत असूनही हा आकडा थोडा चढू शकतो. थायरॉइड कमी पडत असेल आणि गोळीचा डोस अजून बसला नसेल, तरीही तो चढतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की कशामुळे वाढला, ते कळत नाही.

आमचे एक ग्राहक यंत्रमागावर काम करतात, वय 42, रोज 75 मायक्रोग्रॅमची गोळी. पावडर सुरू केल्यावर दोन महिन्यांनी त्यांचं क्रिएटिनिन 1.38 आलं आणि घरात रडारड. आदल्या संध्याकाळी त्यांनी जिममध्ये पायांचा जबर व्यायाम केला होता, त्यानेही आकडा चढतो. डॉक्टरांनी पावडर बंद करायला सांगून लघवीतलं अल्ब्युमिन आणि टीएसएच तपासलं. दोन्ही ठीक आले. तीन आठवड्यांनी, व्यायामाला दोन दिवस सुट्टी देऊन पुन्हा रक्त दिलं तेव्हा 1.10. पावडर घेण्याआधीचा एक रिपोर्ट हातात असता, तर एवढा घोर लागला नसता.

म्हणून आमचा आग्रह असतो की आधी टीएसएच आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, मग डबा उघडा. गोळीचा डोस नुकताच बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे थांबा. अशा वेळी कोणी किडनीसाठी सिस्टॅटिन-सी तपासणी सुचवली, तर थायरॉइड बिघडलेलं असल्याचं आवर्जून सांगा, कारण तो आकडाही थायरॉइडनुसार हलतो.

गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या. चहासुद्धा अर्ध्या-एक तासानंतरच. क्रिएटिन दुपारी जेवणानंतर 3 ते 5 ग्रॅम पुरे. सुरुवातीला 20 ग्रॅमचा मारा करायची गरज नाही. पहिल्या पंधरवड्यात किलोभर वजन वाढलं तर ते बहुधा स्नायूंतलं पाणी असतं. त्यावरून थायरॉइड बिघडलं समजून गोळी स्वतःहून वाढवू नका.

खरी काळजी मिश्र पावडरींची. डब्यावर कॅल्शियम किंवा लोह लिहिलेलं असेल तर ती गोळीपासून चार तास लांब ठेवा. बायोटिन असेल तर काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

किडनीचा त्रास आधीपासून असेल, किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांची लेखी परवानगी दाखवल्याशिवाय आम्ही डबा देत नाही.