८९० केबी मोकळे, तरी ४०० केबीची सोय नाही

संगणकाच्या मेमरीत ८९० केबी जागा मोकळी आहे. एक प्रोग्राम येतो, त्याला ४०० केबी हवेत. ऑपरेटिंग सिस्टीम त्याला थांबवून ठेवते, कारण तिच्याकडे द्यायला जागा नाही. बेरीज चुकलेली नाही आणि मेमरीही बिघडलेली नाही. अडचण आहे ती ‘सलग’ या एका शब्दाची.

१९६० च्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० मध्ये एमव्हीटी नावाचा प्रकार होता. त्यात प्रत्येक कामाला त्याच्या गरजेएवढा मेमरीचा एक सलग पट्टा मिळायचा. काम संपलं की पट्टा मोकळा व्हायचा. लहानमोठी कामं अशी दिवसभर येत-जात राहिली की वापरातल्या पट्ट्यांच्या मधेमधे मोकळ्या जागा उरतात. त्यांनाच होल म्हणतात. नवं काम आलं की त्याला यातली कुठली जागा द्यायची, हा आपला प्रश्न. ती निवडायच्या तीन पद्धती पाहू: फर्स्ट फिट, बेस्ट फिट आणि वर्स्ट फिट.

मेमरीच्या सुरुवातीपासून शेवटाकडे जाताना पाच मोकळ्या जागा लागतात असं धरू: १८०, ४५०, १२०, ३०० आणि २६० केबी. एकूण १३१० केबी. दारात चार कामं क्रमाने उभी आहेत: २५०, १७०, ४०० आणि २९० केबीची.

फर्स्ट फिट सुरुवातीपासून बघत जातं आणि काम मावेल अशी पहिली जागा देऊन टाकतं. २५० चं काम १८० मध्ये मावत नाही, म्हणून ते ४५० मध्ये जातं आणि तिथे २०० उरतात. १७० चं काम १८० मध्ये बसतं, उरतात १०. आता यादी अशी दिसते: १०, २००, १२०, ३००, २६०. बेरीज ८९०, आणि ४०० चं काम दाराशीच. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग तो हाच. मोकळी जागा भरपूर, पण तुकड्यातुकड्यांत. याला एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन म्हणतात.

बेस्ट फिट आधी सगळ्या जागा पाहतं आणि काम मावेल अशी सगळ्यात लहान जागा निवडतं. २५० ला २६०, १७० ला १८०, ४०० ला ४५०, २९० ला ३००. चारही कामं आत गेली.

वर्स्ट फिट याच्या नेमकं उलट, दर वेळी सगळ्यात मोठी जागा देतं. त्यामागे विचार आहे: मोठ्या जागेतून कापलं तर उरलेला तुकडाही कुणाच्या तरी उपयोगाचा राहील. पण इथे २५० चं काम ४५० मध्ये जातं, १७० चं ३०० मध्ये, आणि दोन्ही मोठ्या जागा फुटतात. हातात राहतात १८०, २००, १२०, १३०, २६०. बेरीज पुन्हा ८९०. ४०० चं काम अडतंच, शिवाय मागचं २९० चंही अडतं.

परीक्षेतली गणितं बहुतेक वेळा इथेच थांबतात. विद्यार्थी ‘बेस्ट फिट सर्वोत्तम’ असं लिहून मोकळे होतात, आणि मला ते फार खटकतं. म्हणून याच पाच जागा ठेवून फक्त रांग बदलू. आता कामं आहेत २००, २४५, २९० आणि २५५ केबीची.

बेस्ट फिट २०० ला २६० ची जागा देतं, उरतात ६०. २४५ ला ३०० ची, उरतात ५५. २९० ला आता ४५० शिवाय पर्याय नाही, तिथे उरतात १६०. शेवटच्या २५५ साठी समोर आहेत १८०, १६०, १२०, ५५, ६०. एकूण ५७५ केबी मोकळे, तरी काम बाहेर.

फर्स्ट फिटने हीच रांग कशी हाताळली असती? २०० चं काम पहिल्याच फटक्यात ४५० मध्ये. काटकसरी माणसाला हे बघवणार नाही, पण तिथे २५० उरतात आणि २४५ चं काम त्यांत चपखल बसतं. ३०० ची जागा अजून शाबूत आहे, ती २९० ला मिळते. २६० ची जागा २५५ ला. चारही आत. (वर्स्ट फिट इथेही तिसऱ्या कामाला अडतं. वहीत करून बघा.)

तेव्हा जिंकणं-हरणं ठरलं ते रांगेवरून, आणि पुढे कोण येणार हे ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक नसतं. बेस्ट फिटची एक खोड मात्र रांग कुठलीही असली तरी सहसा सुटत नाही. नेमक्या मापाची जागा शोधल्यामुळे मागे उरणारे तुकडे अगदी चिंधीएवढे असतात. आपल्या पहिल्या रांगेत ते तर जिंकलं, पण मागे राहिलं काय? १०, ५०, १२०, १० आणि १०.

या चिंध्यांचं पुढे काय होतं, हे काम संपतानाच्या क्षणी ठरतं. २६० मध्ये बसलेलं २५० चं काम संपलं. शेजारी १० केबीची चिंधी पडलेली आहे. सिस्टीमने दोन्ही जोडल्या तर २६० ची जागा जशीच्या तशी परत मिळते. जोडल्या नाहीत तर यादीत २५० आणि १० अशा दोन वेगळ्या नोंदी होतात, आणि उद्या २५५ चं काम आलं तर त्याला इथे जागा नाही, जरी प्रत्यक्षात ती तिथेच असली तरी.

सगळी कामं सरकवून एका बाजूला का लावत नाहीत? तसं केलं तर ८९० केबी सलग मिळतील. पण एमव्हीटीमध्ये काम एकदा मेमरीत चढलं की त्याच्या पोटात प्रत्यक्ष मेमरीचे पत्ते असायचे. काम हलवलं की ते पत्ते खोटे पडणार. सीडीसी ६६०० सारख्या यंत्रात प्रत्येक पत्त्यात कामाच्या सुरुवातीचा पत्ता हार्डवेअरच मिळवायचं, म्हणून तिथे काम उचलून दुसरीकडे ठेवता यायचं. तरी सगळा मजकूर नकलण्यात वेळ जायचाच.

आपल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये प्रोग्रामची मेमरी सारख्या मापाच्या पानांत वाटली जाते. पानं सलग असावी लागत नाहीत, त्यामुळे प्रोग्रामपुरता हा प्रश्न तिथे मिटला. लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र पानांची सोय बहुधा नसते आणि तिथे तो आजही रोजचा आहे. अशा चिपवर चालणाऱ्या फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मेमरी वाटण्याचे तयार प्रकार मिळतात. त्यातला `heap_2` बेस्ट फिटने चालतो आणि `heap_4` फर्स्ट फिटने. `heap_2` मोकळे तुकडे आकाराच्या क्रमाने ठेवतो, म्हणजे मावेल असा पहिला सापडलेला तुकडाच सगळ्यात लहान ठरतो. पण त्या यादीत मेमरीतले शेजारी एकमेकांजवळ नसतात, आणि `heap_2` त्यांना जोडतही नाही. `heap_4` तुकडे पत्त्याच्या क्रमाने ठेवतो, त्यामुळे शेजारी लगेच दिसतो आणि जागा परत आली की तिथल्या तिथे जोडली जाते. वेगवेगळ्या मापांची मागणी होत असेल तर मी डोळे मिटून `heap_4` घेईन, आणि त्याचं कारण फर्स्ट फिटपेक्षा ही जोडणी आहे.

मेमरी संपली की तिचे नुसते तुकडे झाले, हे ओळखायला दोन आकडे पुरतात: एकूण मोकळी जागा आणि सगळ्यात मोठा सलग तुकडा. फ्रीआरटीओएसच्या `heap_4` मध्ये `vPortGetHeapStats()` हे दोन्ही एकदमच देतं, दुसरा आकडा `xSizeOfLargestFreeBlockInBytes` या नावाने. उपकरण सुरू झाल्यापासून दोन्हींची नोंद ठेवत जावी. दोन्ही बरोबरीने घसरत असतील तर कुणीतरी घेतलेली मेमरी परत करत नाही. पहिला जागच्या जागी आणि दुसरा खाली जात असेल, तर तुकडे पडत आहेत. आपल्या पहिल्या रांगेत ४०० चं काम अडलं तेव्हा फर्स्ट फिटकडे हे आकडे होते ८९० आणि ३००, वर्स्ट फिटकडे ८९० आणि २६०.