ओनिक्स उजळतोय की नुसता चमकतोय?

रेंडरमध्ये रिसेप्शनच्या भिंतीवरचा ओनिक्स दगड उजळवायला दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दगडाच्या फोटोचाच दिवा करायचा, V-Ray या रेंडर सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी VRayLightMtl हे मटेरियल. दुसरा म्हणजे दगड पातळ, अर्धपारदर्शक ठेवून मागे खरे दिवे लावायचे, त्यासाठी VRay2SidedMtl. पहिल्या नजरेत दोन्ही चित्रं सारखीच वाटतात.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्याचं काम होतं. आठ बाय चार फुटांचं मधाच्या रंगाचं पॅनल. घाई होती म्हणून मी पहिला मार्ग धरला. चित्र झकास दिसलं. मग डॉक्टर म्हणाले, "दुपारी लाइट बंद असेल तेव्हा कसं दिसेल, तेही दाखवा." मटेरियलची प्रखरता ठरवणारा मल्टिप्लायर शून्य केला आणि भिंतीवर काळा चौकोन उरला. साहजिकच होतं. त्या मटेरियलला फक्त प्रकाश टाकता येतो, समोरून पडलेला प्रकाश ते परत देत नाही. तुमच्याकडचं पॅनल कोणत्या जातीचं आहे हे ओळखायचं असेल, तर एवढी एकच परीक्षा पुरते.

दुसऱ्या मार्गाने पॅनल पुन्हा केलं. दगडाचा पृष्ठभाग जाडी न देता एकेरी ठेवला, कारण VRay2SidedMtl त्यावरच नीट चालतं. मागे पांढरी पेटी, तिच्यात सहा-सहा इंचांवर एलईडी पट्ट्या. पेटीची खोली दोनच इंच धरली होती, आणि रेंडरमध्ये पट्ट्यांचे उभे पट्टे स्पष्ट उमटले. प्रत्यक्ष भिंतीवरही तेच झालं असतं! पहिल्या मार्गाने हे कधीच कळलं नसतं, कारण तिथे मागे पेटीच नसते. पेटीची खोली निदान पट्ट्यांमधल्या अंतराइतकी हवी. ती सहा इंच केली, दगडामागे दुधी अ‍ॅक्रिलिक घातलं, आणि पट्टे विरघळले. सुताराला पेटीच्या खोलीचं माप त्याच रेंडरवरून दिलं.

यात रेंडरला वेळ जास्त लागतो आणि दाणे येतात. पॅनल लांब कोपऱ्यात, नुसतं पार्श्वभूमीला असेल, तर मीसुद्धा VRayLightMtl च वापरतो. तिथे मल्टिप्लायर मात्र हळूहळू वाढवा. जास्त झाला की आधी दगडाच्या शिरा पांढऱ्या पडतात आणि ओनिक्सची ट्यूबलाइट होते.

राहिला रंग. समोरच्या उजेडात फिकट दिसणारा ओनिक्स मागून उजेड आला की गडद, केशरी होतो. म्हणून एकच फोटो दोन्हीकडे वापरू नका. दगडाच्या गोदामात गेलात की लादीचा एक फोटो साध्या उजेडात काढा. मग कुणाला तरी मागे मोबाइलची टॉर्च धरायला सांगा आणि त्याच जागेचा दुसरा काढा. टॉर्चने उजळते ती वीतभर जागाच, पण पहिला फोटो समोरच्या मटेरियलला लावल्यावर VRay2SidedMtl मधल्या Translucency चा रंग किती केशरी ठेवायचा, हे त्या वीतभर जागेवरून जुळवता येतं.