एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? लातूरच्या दोन मित्रांचा हिशेब

समजा, लातूरचे दोन मित्र सोयाबीनच्या प्रतवारीचं छोटं यंत्र बनवून आडत्यांना विकणार आहेत. दोघांनी एक-एक लाख घातले. पहिल्या वर्षी विक्री १८ लाख आणि स्वतःचा पगार काढण्याआधी नफा ४ लाख, असा त्यांचा अंदाज आहे. नोंदणी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणून करायची की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून, हा त्यांचा प्रश्न.

धंदा बुडाला तर घर-शेतावर सहसा टाच येत नाही, हे दोन्ही प्रकारांत सारखंच. बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर मात्र कुठलाच प्रकार वाचवत नाही.

खरा फरक खर्चात आहे. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट करावंच लागतं. एलएलपीला कायद्यानं ते लागतं विक्री ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावर. आपले मित्र दोन्हींच्या खाली आहेत. कंपनीच्या वार्षिक फॉर्मना उशीर झाला, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म ९० दिवस राहिले की १८,००० गेले. एलएलपीलाही Form 11 ३० मेपर्यंत आणि Form 8 ३० ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो, धंदा शून्य असला तरी.

कराचा दर एलएलपीचा जास्त, ३१.२ टक्के, कंपनी सवलतीचा पर्याय घेऊन सुमारे २५.१७ टक्क्यांवर येते. पण काम करणाऱ्या भागीदारांचा पगार आधी वजा होतो. इतक्या नफ्याला कायद्याची मर्यादा ४ लाखांच्या ९० टक्के, म्हणजे ३.६ लाख पगार, उरले ४०,०००, त्यावर कर १२,४८०. उरलेला नफा भागीदारांच्या हातात पुन्हा करपात्र नाही. कंपनीचा लाभांश मात्र असतो. पगारावर ज्यानं-त्यानं आपला कर भरायचा, ते वेगळं.

यात एक मेख आहे. हा पगार एलएलपी करारात लिहिलेला हवा. नेटवरून उतरवलेल्या करारात तो बहुधा नसतो, मग वजावट जाते. नोंदणीनंतर ३० दिवसांत हा करार Form 3 मध्ये भरायचा.

अर्ज mca.gov.in वर करायचा: एलएलपीसाठी FiLLiP, कंपनीसाठी SPICe+. दोघांचं पॅन, आधार, फोटो, दोन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट आणि डिजिटल सही लागते. कार्यालयासाठी ताजं लाईट बिल आणि मालकाचं नाहरकत पत्र. आपल्याकडे बिल हमखास आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. नाहरकतीवर सही कोणाची, इथेच अर्ज परत येतो. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, नाहीतर भाडेकराराची जागा दाखवा.

मग कंपनी कोणी काढावी? येत्या वर्ष-दीड वर्षात गुंतवणूकदार आणायचा असेल किंवा कर्मचाऱ्यांना शेअर द्यायचे असतील, त्यानं. एलएलपीत शेअरच नसतात, त्यामुळे असे गुंतवणूकदार सहसा आत येत नाहीत. नंतर एलएलपीची कंपनी करता येते, पण त्यासाठी वृत्तपत्रात जाहिरात, धनकोंची संमती आणि सीएची फी आलीच. लातूरच्या दोघांकडे असा कोणी गुंतवणूकदार नाही. मी त्यांना एलएलपीच सांगेन.