चोवीस उमेदवार आणि एक खोका

आठ इंच लांब आणि पाच इंच रुंद असा पुठ्ठ्याचा तुकडा घ्या. चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून टाका आणि उरलेल्या कडा वर दुमडा. वरून उघडा असा खोका तयार होतो. कापलेल्या चौरसाची बाजू x इंच धरली, तर खोक्याची उंची x, लांबी 8 − 2x आणि रुंदी 5 − 2x. मला बरोबर १५ घन इंचांचा खोका हवा आहे. कोपरा केवढा कापू?

x(8 − 2x)(5 − 2x) = 15

गुणाकार करून सगळं एका बाजूला आणलं की ही घन बहुपदी मिळते:

4x³ − 26x² + 40x − 15 = 0

वर्गसमीकरण असतं तर शाळेतलं सूत्र लावून मोकळे झालो असतो. घन समीकरणाचंही सूत्र आहे, सोळाव्या शतकात इटलीतल्या गणितज्ञांनी ते शोधलं. पण समीकरणाला तीन वेगवेगळी वास्तव उत्तरं असली की ते सूत्र ऋण संख्यांच्या वर्गमुळांतून फिरवून आणतं, उत्तर साधं दीड असलं तरीसुद्धा. आपलं समीकरण नेमकं त्याच जातीचं आहे. म्हणून वेगळी वाट धरू. उत्तर परिमेय असेल, म्हणजे दोन पूर्णांकांचा साधा अपूर्णांक असेल, तर तो कोणता असू शकतो याची आधी यादी करू.

अपूर्णांक अनंत आहेत, मग यादी संपेल कशी? इथेच परिमेय मूळ प्रमेय कामाला येतं. समजा p/q हे आपल्या समीकरणाचं मूळ आहे आणि हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे, म्हणजे p आणि q यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. x च्या जागी p/q ठेवा आणि सगळ्याला q³ ने गुणा:

4p³ − 26p²q + 40pq² − 15q³ = 0

आता ही ओळ दोनदा वाचा. पहिल्या तीन पदांत p आहे, त्यामुळे त्या तिन्हींना p ने भाग जातो. एकूण बेरीज शून्य आहे, म्हणून उरलेल्या चौथ्या पदालाही, म्हणजे १५q³ ला, p ने भाग गेलाच पाहिजे. पण p आणि q यांच्यात सामाईक काही नाही, तेव्हा q³ कडून मदत मिळणार नाही. p ने १५ लाच भागलं पाहिजे. उलट बाजूने वाचा. शेवटच्या तीन पदांत q आहे, म्हणून ४p³ ला q ने भाग जातो, आणि त्याच कारणाने q हा ४ चा विभाजक ठरतो. सहगुणक पूर्णांक असलेल्या कोणत्याही बहुपदीला हाच युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. अंश शेवटच्या, x नसलेल्या पदाला भागतो आणि छेद सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाला भागतो.

अतिसंक्षिप्त रूपाची अट सजावटीची नाही, सगळा पुरावा तिच्यावरच उभा आहे. अंश आणि छेद यांची अदलाबदल ही तर नेहमीची चूक. ती टाळायला 2x − 3 = 0 एवढं छोटं समीकरण मनात ठेवावं. मूळ ३/२ आहे, ३ शेवटून आला आणि २ पुढून.

आता यादी. १५ चे विभाजक १, ३, ५, १५. ४ चे विभाजक १, २, ४. त्यांच्या जोड्या लावल्या की बारा अपूर्णांक मिळतात: १, ३, ५, १५, १/२, ३/२, ५/२, १५/२, १/४, ३/४, ५/४, १५/४. प्रत्येकाचं धन आणि ऋण रूप धरलं तर चोवीस उमेदवार. अनंतातून आपण चोवीसवर आलो. मात्र यातला एकही मूळ असलाच पाहिजे असं प्रमेय म्हणत नाही. परिमेय मूळ असेल तर ते या चोवीसांतच असेल, एवढंच ते सांगतं.

सहगुणक पूर्णांक असले पाहिजेत ही अट विसरली की यादीच चुकते. घनफळ १५.५ मागितलं असतं, तर समीकरणाला आधी २ ने गुणून 8x³ − 52x² + 80x − 31 = 0 असं करून घ्यावं लागलं असतं, आणि मग ३१ आणि ८ यांचे विभाजक काढायचे.

चोवीस संख्या एकेक करून ठेवत बसायची गरज नाही. ऋण संख्या ठेवली तर समीकरणातली चारही पदं ऋण होतात, त्यांची बेरीज शून्य होणं शक्य नाही. बारा उमेदवार तिथेच गेले. पुढची चाळणी मला फार आवडते आणि ती शाळेत सहसा दाखवत नाहीत. x = 1 ठेवा. किंमत येते 4 − 26 + 40 − 15, म्हणजे ३. शून्य आली नाही, म्हणून १ हा उमेदवार बाद. पण त्या ३ मध्ये आणखी माहिती आहे. p/q हे मूळ असेल तर बहुपदीला qx − p ने निःशेष भाग जातो आणि भागाकारातले सहगुणकही पूर्णांकच राहतात. गाउस यांनी १८०१ सालच्या आपल्या अंकशास्त्रावरील ग्रंथात जी उपपत्ती दिली, तिच्यातून हे निघतं. मग x = 1 ठेवल्यावर q − p ने ३ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे अंश आणि छेद यांच्यातला फरक १ किंवा ३ असायला हवा. १५/४ मध्ये फरक ११, बाद. १५/२ मध्ये १३, बाद. ३, ५ आणि १५ यांचे छेद १, फरक २, ४ आणि १४, तेही गेले. उरले सहा: १/२, ३/२, ५/२, १/४, ३/४, ५/४.

आता x = −1 ठेवा. किंमत −८५. इथे अंश आणि छेद यांच्या बेरजेने ८५ ला भाग गेला पाहिजे, आणि ८५ चे विभाजक फक्त १, ५, १७, ८५. १/२ ची बेरीज ३, ५/२ ची ७, ३/४ ची ७, ५/४ ची ९. चारही बाद. ३/२ आणि १/४ यांची बेरीज ५, तेवढे दोनच राहिले. दोन सोप्या किमती काढल्या आणि चोवीसांचे दोन झाले.

या दोघांची परीक्षा संश्लेषक भागाकाराने घेऊ. सहगुणक ४, −२६, ४०, −१५. आधी १/४: पहिला ४ खाली उतरवला, ४ गुणिले १/४ म्हणजे १, −२६ मध्ये मिळवला की −२५. पुढच्या पायरीत −२५/४ येतो, म्हणजे अपूर्णांक. इथेच थांबायचं. उमेदवार खरा असेल तर या मांडणीत खालच्या ओळीत अपूर्णांक कधीच येत नाही. वर गाउस यांचं जे म्हणणं आलं त्याचाच हा परिणाम. पुढचं गणित करायची गरजच उरत नाही. आता ३/२: ४ उतरवला, ६ मिळवून −२०, मग −३० मिळवून १०, मग १५ मिळवून ०. शेष शून्य.

4x³ − 26x² + 40x − 15 = (2x − 3)(2x² − 10x + 5)

दीड इंचाचा कोपरा कापा. खोका ५ इंच लांब, २ इंच रुंद, दीड इंच उंच होतो. घनफळ १५.

काम झालं असं वाटेल, पण याच पुठ्ठ्यातून १५ घन इंचांचा आणखी एक खोका निघतो, आणि यादीत त्याचा पत्ता नाही. x = 1/2 ठेवा, किंमत −१ येते. x = 3/4 ठेवा, किंमत २ हून थोडी जास्त येते. ऋणाकडून धनाकडे जाताना बहुपदी मध्ये कुठेतरी शून्यातून गेलीच पाहिजे, म्हणजे अर्धा आणि पाऊण इंच यांच्या दरम्यान एक मूळ नक्की आहे. आता यादी बघा. १/२ आणि ३/४ यांच्या मध्ये एकही उमेदवार नाही. तेव्हा हे मूळ अपूर्णांकात लिहिता येणारच नाही, ते अपरिमेय आहे. ते किती आहे हे न काढताच आपण हे सिद्ध केलं. वर्ग बहुपदी सोडवून पाहिलं तर ते (5 − √15)/2 आहे, सुमारे ०.५६३५ इंच. तिसरं मूळ साडेचार इंचांच्या जवळपास आहे. पुठ्ठा पाचच इंच रुंद असल्यामुळे तेवढा कोपरा दोन्ही बाजूंनी कापता येत नाही.

यादीतले सगळे उमेदवार नापास झाले की त्या नापास होण्यालाच पुराव्याचं वजन येतं. पण हे वजन नेमकं किती, ते बघितलं पाहिजे. x⁴ + 4 घ्या. उमेदवार ±१, ±२, ±४. एकही चालत नाही. म्हणून त्याचे अवयव पडत नाहीत असं कोणी म्हणेल तर ते चूक आहे, कारण x⁴ + 4 = (x² + 2x + 2)(x² − 2x + 2). चौथ्या घाताची बहुपदी दोन वर्ग बहुपदींत फुटू शकते आणि तरीही परिमेय मूळ देत नाही. घन बहुपदीला ही पळवाट नाही. तिचे अवयव पडायचे तर एक तरी अवयव रेषीय हवा, आणि रेषीय अवयव म्हणजे परिमेय मूळ. म्हणून घन बहुपदीची यादी रिकामी निघाली तर तिचे परिमेय सहगुणकांचे अवयव पडतच नाहीत.

याचा सर्वांत मोठा उपयोग ग्रीकांपासून चालत आलेल्या एका प्रश्नात झाला. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येतील का? ६०° चा कोन घेऊ. त्याचे तीन भाग करणं म्हणजे २०° चा कोन काढणं, आणि त्यासाठी cos 20° एवढी लांबी काढता यायला हवी. त्रिकोणमितीत cos 3θ = 4cos³θ − 3cos θ हे सूत्र आहे. θ = 20° ठेवलं की डावीकडे cos 60°, म्हणजे अर्धा. cos 20° ला x म्हटलं तर:

8x³ − 6x − 1 = 0

इथे शेवटचं पद १ आणि पुढचा सहगुणक ८, त्यामुळे उमेदवार आठ: ±१, ±१/२, ±१/४, ±१/८. पण 2x च्या जागी y लिहा, समीकरण आणखी हलकं होतं:

y³ − 3y − 1 = 0

आता उमेदवार फक्त दोन, १ आणि −१. पहिला ठेवला की −३ येतात, दुसरा ठेवला की १. दोन्ही नापास. म्हणजे या घन बहुपदीचे अवयव पडत नाहीत.

कंपास आणि पट्टीने मिळणारी प्रत्येक लांबी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि पुन्हा पुन्हा वर्गमूळ काढून मिळते. पिएर वांझेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली दाखवलं की अवयव न पडणाऱ्या घन बहुपदीचं मूळ अशा वर्गमुळांच्या साखळीत कधीच सापडत नाही. ६०° च्या कोनाचे तीन समान भाग कंपास आणि पट्टीने होत नाहीत. त्या पुराव्यातली आकड्यांची परीक्षा म्हणजे y च्या जागी एकदा १ आणि एकदा −१ ठेवून पाहणं.