सोनामुखी रात्रभर काय करते?

‘पोट सपाट करणारा’, ‘शरीरातली घाण बाहेर काढणारा’ अशा चहाचं पाकीट हातात आलं की मी आधी मागची बाजू वाचतो. दहा-बारा सुगंधी वनस्पतींच्या नावांत बहुतेक वेळा एक नाव दडलेलं सापडतं: सेन्ना, म्हणजे सोनामुखी. बाकीची मंडळी चवीपुरती आणि वासापुरती, पोट साफ करते ती ही एकटी.

गंमत अशी, की कपातली सोनामुखी जवळजवळ निष्क्रिय असते. तिच्या पानांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. एकाला एक चिकटलेले दोन तुकडे आणि प्रत्येकाला लटकलेला ग्लुकोजचा एक रेणू, अशी त्यांची रचना. हे ग्लुकोज ज्या बंधाने जोडलेलं असतं तो तोडणारं विकर आपल्या शरीराकडे नाही. शिवाय साखर लटकल्यामुळे हा बोजड रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज शोषलाही जात नाही. त्यामुळे जठर आणि लहान आतडं ओलांडून तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू मात्र साखर काढून खातात, दोन तुकडे सुटे करतात आणि त्यातून ऱ्हाइन-अँथ्रोन तयार होतं. खरं रेचक हे! प्रयोगशाळेत अजिबात जिवाणू नसलेल्या उंदरांना सेनोसाइड दिलं तर त्यांना जुलाब होत नाहीत. म्हणजे औषध आपण पितो, पण ते तयार करतात आपले जिवाणू.

आता पाण्याचा हिशोब बघा. मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव येतो आणि शौचातून जेमतेम 100 ते 150 मिलिलिटर बाहेर पडतो. बाकीचं पाणी भिंत परत शोषते, त्यातलं काही पेशींच्या आवरणातल्या अ‍ॅक्वापोरिन नावाच्या बारीक नळ्यांतून. ऱ्हाइन-अँथ्रोनमुळे भिंतीतल्या भक्षक पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात आणि त्या निरोपामुळे या नळ्यांची संख्या घटते. पाणी आतच राहतं. त्याच वेळी आतड्याच्या मज्जातंतूंना चेतना मिळून पुढे ढकलणाऱ्या लाटा वाढतात. या सगळ्याला 6 ते 12 तास लागतात, म्हणून डोस रात्री.

इथेच ‘वजन उतरवणारा चहा’ उघडा पडतो. अन्नातल्या कॅलरी बहुतांशी लहान आतड्यातच शोषून झालेल्या असतात. सकाळी काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी आणि मळ, चरबी नव्हे. पाणी प्यायलं, जेवलं की काटा परत जागेवर. आणि ती ‘घाण’ म्हणजे नेमकं कुठलं द्रव्य, हे पाकिटावर मला आजवर वाचायला मिळालेलं नाही.

मग सवय कशी लागते? समजा, एखाद्याने रविवारी रात्री एक कप घेतला. सोमवारी सकाळी पोट एकदम मोकळं. एरवी दोन दिवसांत मिळून बाहेर पडलं असतं ते एकाच वेळी गेलं. आता आतडं पुन्हा भरायला वेळ लागणार, त्यामुळे मंगळवारी काही होत नाही, कदाचित बुधवारीही नाही. हे अगदी स्वाभाविक आहे, पण त्याला वाटतं बद्धकोष्ठ परतलं. बुधवारी रात्री दुसरा कप, मग रोज एक, मग पिशवी जास्त वेळ भिजवून कडक. गोळीत सेनोसाइड मोजून घातलेलं असतं. चहात ते पान किती आणि भिजलं किती यावर ठरतं, म्हणून कालचा आणि आजचा कप सारखा नसतो.

रोजच्या पातळ शौचातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. पाणी आणि मीठ कमी झालं की शरीर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवतं. ते सोडियम धरून ठेवतं, पण मूत्रावाटे आणखी पोटॅशियम घालवतं. आणि पोटॅशियम घटलं की स्नायू ढिले पडतात, आतड्याचेसुद्धा! ज्या तक्रारीसाठी चहा सुरू केला तीच वाढते. पायांत गोळे, थकवा, छातीत धडधड ही तेव्हाची लक्षणं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर यात खरा धोका असतो. युरोपीय औषध संस्थेची सूचना आहे, की सोनामुखी एका आठवड्याहून जास्त घेऊ नये आणि त्या आठवड्यातही दोन-तीनदा सहसा पुरते.

‘सोनामुखीने आतडं कायमचं आळशी होतं’ हे मात्र फुगवून सांगितलं जातं. नेहमीच्या मात्रेने आतड्याच्या नसा मरतात याला भक्कम पुरावा नाही. जुनाट बद्धकोष्ठात डॉक्टर कधीकधी ती जास्त काळही देतात, पण मात्रा मोजून आणि लक्ष ठेवून.

महिनोन्‌महिने चहा घेतल्याची खूण मात्र आत उमटते. अस्तरातल्या मेलेल्या पेशी भक्षक पेशी गिळतात, त्यांचं तपकिरी रंगद्रव्य साठत जातं आणि दुर्बिणीने पाहताना आतड्याची गुलाबी भिंत ठिपक्याठिपक्यांची काळपट दिसते. हा रंग स्वतः निरुपद्रवी असतो आणि चहा थांबवल्यावर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात विरतो. पण तपासणारे डॉक्टर पडद्यावरून नजर न काढता विचारतात, “कुठला काढा घेता?” आणि उत्तर येतं, “औषध नाही हो, नुसता चहा!”