हदीसचे रावी मोजताना: गरीब, अजीज आणि मशहूर

‘कर्मांचे मोल हेतूंवर ठरते’ ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, इमाम बुखारींच्या संग्रहात अगदी पहिली आहे. तरीही रावींच्या, म्हणजे ती पुढे सांगणाऱ्यांच्या, संख्येनुसार ती ‘गरीब’ या वर्गात मोडते. हे कसे, ते तिची सनद, म्हणजे रावींची साखळी, पाहिली की कळते.

पैगंबरांकडून ही हदीस हजरत उमर सांगतात. त्यांच्याकडून अल्कमा बिन वक्कास, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहीम तैमी आणि त्यांच्याकडून याह्या बिन सईद अन्सारी. इथवर प्रत्येक पिढीत एकच माणूस आहे. याह्यांनंतर मात्र फांद्या फुटतात. मालिक, सुफयान बिन उयैना, हम्माद बिन झैद असे कितीतरी जण ती त्यांच्याकडून ऐकतात. हा आकडा कोणी 700पर्यंत नेला होता. पंधराव्या शतकातले हदीसतज्ज्ञ इब्न हजर यांनी शोध घेतला, तर त्यांना शंभरही भरेनात. पण ते 700 असते तरी निकाल बदलला नसता, कारण वर्ग ठरतो तो सर्वांत कमी रावी असलेल्या पिढीवरून. एखाद्या पिढीत एकच रावी असेल तर गरीब. कुठेही दोनपेक्षा कमी नाहीत, पण एखाद्या तरी पिढीत दोनच, तर अजीज. प्रत्येक पिढीत किमान तीन, पण मुतवातिर, म्हणजे इतक्या जणांनी मिळून खोटे रचणे अशक्य वाटावे, असे म्हणण्याइतके नाहीत, तर मशहूर.

अजीजचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘मी त्याला आईबाप, मुले आणि सर्व लोकांहून प्रिय होईपर्यंत तुमच्यापैकी कोणी मोमिन, म्हणजे खरा श्रद्धावान, होत नाही’ ही हदीस. ती पैगंबरांकडून अनस आणि अबू हुरैरा असे दोघे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, सांगतात. अनस यांच्याकडून कतादा आणि अब्दुल अजीज बिन सुहैब ती घेतात, आणि त्या दोघांकडूनही पुढे एकाहून अधिक जण.

मोजणी चुकते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे ग्रंथ मोजणे. हेतूंची हदीस पाच-सहा संग्रहांत सापडली म्हणून तिच्या पाच-सहा वाटा होत नाहीत. सगळ्या याह्यांपाशीच येऊन मिळतात. एकाच रावीला कुठे नावाने, कुठे ‘अबू अमुक’ अशा कुन्येने लिहिलेले असते, तेव्हा एकाचे दोन होतात ते वेगळेच.

दुसरी चूक पकडायला अवघड. हीच हदीस अब्दुल मजीद बिन अबी रव्वाद यांनी मालिक, झैद बिन अस्लम आणि अता यांच्या मार्फत अबू सईद खुदरींपर्यंत नेली आहे. वरवर पाहता दुसरा सहाबी मिळाला! पण मालिककडून ऐकणारे इतर भरवशाचे शिष्य ती याह्यांच्याच वाटेने सांगतात. म्हणून तज्ज्ञांनी अब्दुल मजीद यांची वाट चूक ठरवली, आणि ती मोजणीत धरली जात नाही.

गरीब म्हणजे कमजोर, असा अर्थ मात्र काढू नये. हेतूंची हदीस सहीह, म्हणजे अस्सल मानलेली, आहे, कारण तिचे एकेकटे रावी भरवशाचे आहेत. उलट ‘ज्ञानासाठी चीनलाही जा’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे, या अर्थाने प्रसिद्धही आहे, पण त्याची सनद तज्ज्ञांच्या कसोटीला उतरत नाही.