सूचना नेमकी कोणाची? चुकून दिलेली परवानगी काढताना

पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे’ अशी पट्टी येते, ती बंद केली तरी थोड्या वेळाने पुन्हा येते आणि माणूस घाबरून अँटीव्हायरस शोधू लागतो. अशा वेळी त्या पट्टीतला मजकूर न वाचता त्याच्या आसपास बारीक अक्षरांत दिलेला पत्ता वाचावा. तिथे ब्राउझरचे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर हा बहुधा व्हायरस नसून आपणच कधीतरी त्या संकेतस्थळाला दिलेली सूचना दाखवण्याची परवानगी असते. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा’ असे सांगून ती मिळवण्याची युक्ती फार रुळलेली आहे. खऱ्या पडताळणीला सूचनांची परवानगी कधीच लागत नाही.

परवानगी मिळताच ते संकेतस्थळ ब्राउझरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट नोंदवते. पुढचे निरोप ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत त्या स्क्रिप्टकडे येतात, त्यामुळे टॅब बंद असला तरी सूचना थांबत नाहीत. नुसता इतिहास पुसूनही परवानगी जात नाही, कारण ती वेगळ्या यादीत साठवलेली असते.

क्रोममध्ये ही यादी उघडण्यासाठी पत्त्याच्या पट्टीत पुढील ओळ टाकावी:

```
chrome://settings/content/notifications
```

परवानगी मिळालेल्या पत्त्यांमध्ये त्या सूचनेवरचा पत्ता शोधून त्यापुढचे तीन ठिपके दाबले की Block आणि Remove हे पर्याय दिसतात, आणि यांतला फरक महत्त्वाचा आहे. Remove केल्यास नोंद पुसली जाते, पण ते संकेतस्थळ पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते. Block केल्यास नकाराचीच नोंद राहते. फसव्या पत्त्यासाठी मी नेहमी Block सुचवतो आणि विश्वासाच्या संकेतस्थळावर चुकीचे बटण दाबले गेले असेल तर Remove. परवानगी पूर्ण पत्त्यागणिक वेगळी असते, म्हणून एकाच मुख्य नावाचे, पण सुरुवातीची अक्षरे वेगळी असलेले दोन-तीन पत्ते यादीत असू शकतात. एक बंद करूनही सूचना येत राहिल्या, तर उरलेले पत्ते शोधावेत. फायरफॉक्समध्ये हीच यादी सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात Permissions या शीर्षकाखाली मिळते.

कॅमेरा आणि स्थान यांची परवानगी त्या संकेतस्थळावर असताना पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून बदलता येते. त्यानंतर पान पुन्हा लोड करावे. परवानगी दिलेली असूनही कॅमेरा चालत नसेल, तर खुद्द संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझरला कॅमेरा नाकारलेला आहे का तेही पाहावे, कारण ते कुलूप वेगळे असते. स्थानाची परवानगी काढल्यावर पुढची माहिती मिळणे थांबते. त्याआधी पाठवली गेलेली माहिती मात्र त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असू शकते आणि ती ब्राउझरमधून पुसता येत नाही.